तीनचं क्षेत्र

विनिता घरत आमच्या उरणच्या कॉलेजात अकरा वर्षं तासिकेवर गणित शिकवत होती. मीही तासिकेवरच. फरक इतकाच की मी कायम होण्याची आशा कधीच सोडली होती आणि मिठागरवाल्याच्या या चिवट मुलीने सोडली नव्हती.

यंदा एकच कायम जागा निघाली. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात एम.एस्सी.च्या उत्तरपत्रिका तपासायला आल्या. एक प्रश्न असा: एकाच्या आदिम आठव्या मुळाने, म्हणजे झीटाने, जे क्षेत्र तयार होतं, त्यातली मधली क्षेत्रं उपगटांशी जुळवा. झीटाच्या जागी त्याचा तिसरा, पाचवा किंवा सातवा घात ठेवायचा आणि काय जागचं हलत नाही ते पाहायचं. मधली क्षेत्रं तीनच: i चं, √२ चं आणि √−२ चं.

विभागप्रमुख दिनानाथ सरांच्या आदर्श उत्तरात पाचव्या घाताला i दिला होता, तो बरोबर. पण तीनला √२ आणि सातला √−२ दिलं होतं. चक्क अदलाबदल! वर्गात एकट्या प्राचीने बरोबर जुळवलं होतं.

विनिताने पेन्सिलीने पडताळून पाहिलं. "√−२ म्हणजे झीटा अधिक झीटाचा घन. तीन लावला की झीटाच्या जागी घन येतो, आणि घनाच्या जागी नववा घात, म्हणजे परत झीटाच. बेरीज तीच. तीनचं √−२ च."

"मग जाऊन सांग सरांना."

"मुलाखतीच्या समितीत सरच हायेत. आता न्हाय सांगत बाय."

तिने प्राचीला सहापैकी शून्य दिलं. प्राची चार गुणांनी नापास झाली. "मॅडम, तुम्हीच असं शिकवलं होतं ना?" असं विचारायला आली, तेव्हा विनिताने तिच्यापुढे सरांचं आदर्श उत्तर सरकवलं. मला तिचा संताप आला होता, आणि मी गप्प बसले म्हणून स्वतःचाही.

मुलाखतीत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी नेमकं तेच विचारलं: तीन कोणाला हलवत नाही? विनिताने दिनानाथ सरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "√२."

तज्ज्ञांनी खडू पुढे केला. "लावून बघा."

√२ म्हणजे झीटा अधिक त्याचा सातवा घात. तीन लावल्यावर फळ्यावर वजा √२ आलं. दिनानाथ सर चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "हे तर अगदी प्राथमिक आहे हो, मॅडम."

जागा दुसऱ्याला गेली. त्याच दुपारी विनिताने प्राचीचे गुण दुरुस्त करण्यासाठी अर्ज दिला. गुण मिळाले, पोरगी पास झाली. अर्जावरचा सरांचा शेरा विनिताने मला दाखवला: 'परीक्षकाची चूक. पुढील वर्षी तासिका देऊ नयेत.'

"खोटं न्हाय लिवलं," ती म्हणाली. "त्या शून्याखाली सही माझीच हाय."