दादाचे तीन लॉट

आमच्या दादाला सोन्याचा कंटाळा आला होता. लोकांना हे खरं वाटत नाही. चाळीस वर्षं त्याने रोज सकाळी शटर उचललं, तिजोरीतले ट्रे काढून काचेत मांडले आणि संध्याकाळी वजन करून परत ठेवले. गुडघे गेले, डोळ्यात मोतीबिंदू आला. गिऱ्हाईक गेलं की तो स्टुलावर बसायचा तो असा, की जणू पुन्हा उठणारच नाही. दुकानात आम्ही बहीणभाऊ निम्मे-निम्मे भागीदार, वह्या माझ्याकडे.

अखेर दुकान घेणारा एक सोनार भेटला. तीन महिन्यांनी तीन किलो माल तो त्या दिवसाच्या भावाने उचलणार होता. आलेल्या पैशांत दादाची म्हातारपणाची सोय झाली असती. पण त्या दिवसाचा भाव काय असेल, हे कोणी सांगावं?

म्हणून दादाने वायदेबाजारात एकेका किलोचे तीन लॉट आजच्याच भावाने विकून ठेवले. भाव पडला तर मालात जेवढं जाईल, तेवढं वायद्यात मिळेल. चढला तर उलट. दोन्ही भाव तंतोतंत सारखे चालत नाहीत, पण उन्नीस-बीस. रोज जे विकलं जाई, तेवढंच सोनं तो त्याच दिवशी विकत घेई, म्हणजे माल तीन किलोच राही.

मी म्हटलं, भाव चढला तर फायदा हातचा जाईल की.

"आपलं पोट घडणावळीवर चालतं," तो म्हणाला. "भावावर नाही. मला जुगार नको, झोप हवी."

आणि भाव चढला. आमचं नशीबच तसलं. विकताना शंभर होता असं धरा, तर महिन्याभरात एकशेआठ झाला. वायद्यातला तोटा रोजच्या रोज रोख भरावा लागतो, उद्यावर टाकता येत नाही. रोज संध्याकाळी दलालाचा निरोप यायचा, इतके भरा. मी भरायचे आणि वायद्याच्या वहीत लाल शाईने लिहायचे. तिजोरीतला माल तेवढाच महागला होता, पण आमच्या मालवहीत सोनं खरेदीच्या भावाने मांडायची पद्धत, वडिलांपासूनची. तिथला आकडा तसूभर हलला नाही. तोटा रोज दिसायचा, नफा कुठेच नाही. इतकी वर्षं वह्या लिहूनही मी त्या लाल आकड्यांना भुलले.

दादा डोळ्याच्या ऑपरेशनला गेला, तेव्हा बजावून गेला होता, पैसे कमी पडले तर एक किलो सोनं विक आणि एकच लॉट परत विकत घेऊन काप, बाकीच्यांना हात लावू नको. दुसऱ्याच दिवशी निरोप आला. खात्यात कारागिरांच्या पगाराएवढेच उरले होते. मी वैतागले होते, दमले होते. दलालाला फोन केला आणि सांगितलं, तिन्ही कापा.

कापल्यावर आठ टक्के तोटा पक्का झाला. त्या संध्याकाळी निरोप आला नाही. मला गाढ झोप लागली, याची अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवसापासून भाव घसरू लागला. मी दादाला बोलले नाही. डोळ्याला पट्टी आहे, त्रास कशाला, असं स्वतःलाच समजावत राहिले. खरं तर भाव परत चढेल म्हणून वाट बघत होते. जुगार मीच खेळत होते. आठवड्याने तो पट्टी सोडून दुकानात आला, तेव्हा भाव अठ्ठ्याण्णव होता.

"किती लॉट उभे आहेत?" त्याने विचारलं.

"एकही नाही."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने दलालाला फोन करून अठ्ठ्याण्णवने पुन्हा तीन लॉट विकले आणि स्टुलावर बसला. पुढे भाव त्र्याण्णवपर्यंत उतरला, पण ती घसरण वायद्याने भरून दिली. आठ तिकडे वायद्यात गेले आणि दोन इकडे मालात. तीन किलोतल्या तीनशे ग्रॅम सोन्याचे पैसे माझ्या एका फोनने गेले.

व्यवहार ठरल्या दिवशी झाला. वाटणीच्या कागदावर माझा हिस्सा पूर्ण होता. तूट सगळी त्याच्या बाजूला.

"चूक माझी होती," मी म्हटलं.

"तुला घर चालवायचंय," तो म्हणाला. "आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवायला मी तुला कधी शिकवलंच नाही. सही कर."

मी सही केली. नाही म्हणायला हवं होतं, पण माझ्याने म्हणवलं नाही.

उरलेल्यात दादाचं भागलं नाही. त्याच दुकानात तो आता पगारावर आहे. सकाळी नवा मालक यायच्या आधी जातो, एक हात गुडघ्यावर ठेवून वाकतो आणि शटर उचलतो.