मर्यादित हमीचा अहवाल

एकाच धुराला मी तीन नावं दिली, आणि वर स्वतःवर खूश झालो.

धूर म्हणजे एका कंपनीच्या कारखान्यांतून हवेत जाणारा कार्बन. कंपनी पंपांचे सुटे भाग ओतते, ते जपानला जातात, आणि तिकडचा गिऱ्हाईक हल्ली भागांबरोबर शाश्वतता अहवालही, म्हणजे पर्यावरणाचा हिशेबही, मागतो. तो इंग्रजीतून जपानीत करायचं काम पुण्याच्या एका भाषांतर संस्थेमार्फत माझ्याकडे, म्हणजे मेहकरात, येतं. मेहकरात बसून कोणी जपानी लिहितो हे लोकांना खरं वाटत नाही. जपानी लोकांनाही वाटत नाही, म्हणून मी मसुदा करतो आणि तिकडच्या एक बाई तो माणसांत आणतात. तरुणपणी पुण्यात जपान्यांच्या कारखान्यात दुभाषा होतो. वडील थकल्यावर गावी आलो आणि भाषा सोबत आली. भाषांतरावर आमचं घर चालतं. शेत आहे, पण त्यातल्या भाजीपाल्याचं बायको पाहते, आणि त्यात मी लक्ष घालू नये असं तिचं स्पष्ट मत आहे.

तर तीन नावं. पहिल्या प्रकरणात उत्सर्जनाला मी ‘हाइशुत्सुर्यो’ लिहिलं, तो रुळलेला शब्द. दुसऱ्यात ‘होऊशुत्सु’, म्हणजे बाहेर सोडणं. तिसऱ्यात ‘हास्सेइर्यो’, म्हणजे जेवढं निर्माण झालं तेवढं. शाळेत आमचे मराठीचे गुरुजी निबंधात तोच शब्द दोनदा आला की अर्धा गुण कापायचे. ते गुण मी पन्नाशीजवळ येऊन वसूल करत होतो.

तपासणाऱ्या बाईंची टीप दोन दिवसांनी आली. सुरुवात माफीनं. माझ्या अनुभवात जपानी माणूस जितका नम्र होत जातो तितकं आपलं जास्त चुकलेलं असतं, आणि या टिपेत बाईंनी तीनदा माफी मागितली होती. त्यांनी एवढंच विचारलं होतं, की या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत का? कारण जेवढं निर्माण होतं तेवढं सगळं हवेत जातंच असं नाही. काही धरून ठेवता येतं. वाचणारा तिन्ही शब्द पाहून तीन वेगळे आकडे शोधेल आणि ते सापडले नाहीत की कंपनीवर शंका घेईल.

मी खजील झालो, आणि खजील माणूस अति करतो. लगेच शब्दसूची बनवली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे जपानी, एका शब्दाला एकच शब्द. उत्सर्जन म्हणजे हाइशुत्सुर्यो. लक्ष्य म्हणजे ‘मोकुह्यो’. मग भाषांतराच्या सॉफ्टवेअरला सांगितलं, जिथं जिथं असं काही दिसेल तिथं हेच टाक. तासाभरात अहवाल एकदम शिस्तीत उभा राहिला.

बाईंची दुसरी टीप आली. या वेळी माफी चार वेळा.

अध्यक्षांच्या पत्रात कंपनीनं लिहिलं होतं, की अमुक वर्षापर्यंत शून्यावर यायची आमची आकांक्षा आहे. मी त्याचंही मोकुह्यो केलं होतं. आकांक्षा म्हणजे मनातली इच्छा. लक्ष्य म्हणजे कोणत्या वर्षाशी तुलना, किती घट, कधीपर्यंत, हे सगळं ठरवून दिलेला शब्द. कंपनीकडे खरं लक्ष्य एकच होतं, ते मधल्या प्रकरणात, आणि तेही दर टन मालामागच्या उत्सर्जनाचं, एकूण उत्सर्जनाचं नव्हे. म्हणजे आधी मी एका गोष्टीला तीन शब्द दिले, आता दोन गोष्टींना एक. दोन्हीकडून हाणून घ्यायची कला माझ्यात उपजत आहे.

बाईंनी आणखी एक दाखवलं, आणि ते माझ्या हातचं नव्हतं. अध्यक्षांच्या पत्रात कंपनी म्हणत होती, आमचे उत्सर्जनाचे सगळे आकडे ऑडिट झालेले आहेत. पण अहवालाच्या शेवटी त्रयस्थ तपासणी संस्थेचं जे पत्र होतं त्यात ‘ऑडिट’ हा शब्दच नव्हता. तिथं होती मर्यादित हमी. तीही फक्त काही निवडक आकड्यांना. बाईंनी विचारलं, अध्यक्षांच्या पत्रात ‘कान्सा’, म्हणजे ऑडिट, लिहू की ‘गेन्तेइतेकी होशो’, म्हणजे मर्यादित हमी? दोन्ही एका पुस्तकात राहू शकत नाहीत.

हे मी बायकोला सांगत होतो तेव्हा ती ओसरीत वांगी निवडत होती. चांगली एका क्रेटमध्ये, किडकी बाजूला.

“मर्यादित हमी म्हणजे काय?” तिनं विचारलं.

“म्हणजे त्यांनी थोडीफार तपासणी केली, आणि म्हणाले, चूक आहे असं वाटावं असं काही आमच्या नजरेस आलं नाही.”

“बरोबर आहे असं म्हणले का?”

“नाही. तसं म्हणायला जास्त खोल तपासावं लागतं. त्या हमीचं नाव वेगळं.”

“म्हणजे मी क्रेटमधले वरचे चार वांगे पाह्यले अन् म्हणलं, मले तं कीड दिसली नाही. अन् तुमची कंपनी गिऱ्हाइकाले सांगून राह्यली का पूरा क्रेट फोडून पाह्यला.”

मी सव्वा तास जपानी कोश धुंडाळून जे समजलो ते तिनं वांग्यांवर आटोपलं.

मग मी प्रश्नांची यादी केली. आमच्या धंद्यात ती करायचीच असते: पान, ओळ, मूळ वाक्य, प्रश्न. ती पुण्याला पाठवली, आणि कंपनीच्या शाश्वतता विभागाच्या मॅडमनी व्हिडिओवर बोलावलं. त्यांच्यामागे भिंतीवर ओंजळीत रोपटं धरलेले दोन हात होते. तेच हात अहवालाच्या मुखपृष्ठावर होते. ते हात कोणाचे हे अहवालात कुठंही नाही, पण नखं पाहता ओतशाळेतल्या कोणाचे नसावेत.

“सर, तुम्ही फार खोलात जाताय,” मॅडम म्हणाल्या. “जपानी क्लायंटला सरळ दिसलं पाहिजे. टार्गेट म्हणजे टार्गेट, ऑडिटेड म्हणजे ऑडिटेड. सगळीकडे एकच शब्द ठेवा. कन्सिस्टन्सी तुम्हालाच हवी होती ना?”

“हो, पण मागच्या पत्रात—”

“मागचं पत्र कोण वाचतं?”

मला म्हणायचं होतं, जपानी वाचतो; तो तर मागूनच सुरुवात करतो. मी म्हणालो, “बरं मॅडम.” माझ्या आयुष्यातले बरेच प्रसंग ‘बरं’ या शब्दावर मिटलेले आहेत.

व्हिडिओ बंद केला तोच पुण्याच्या भाषांतर संस्थेतल्या समन्वयक मुलीचा फोन आला. गुणी मुलगी आहे, मला सर म्हणते आणि वाईट बातमी गोड आवाजात देते. “सर, त्यांचा पुढच्या तीन वर्षांचा करार आपल्याकडे यायचाय. हे नीट गेलं तर तुम्हीच कराल. त्यांना हवं तसं देऊन टाकूया ना. मूळ इंग्रजीत ऑडिटेडच आहे, मग आपण काय वेगळं करतोय?”

गोष्ट खरी होती. मूळ इंग्रजीतच खोटं होतं, तर भाषांतरकारानं ते इमानदारीनं खोटं न्यावं. पण तपासणाऱ्या बाई शेवटी प्रमाणपत्र देतात, की जपानी मजकूर मुळाशी जुळतो. मूळच जर स्वतःशी जुळत नसेल तर त्या सही करणार नव्हत्या, हे त्यांनी पाच वेळा माफी मागून कळवलं होतं. तीन वर्षांचं काम एका शब्दावर येऊन बसलं.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगावी लागेल. धाकट्या भावाच्या लग्नाची पत्रिका मी टाइप केली होती. निमंत्रकांच्या यादीत सगळे होते; बायकोचे सुलतानपूरचे मामा तेवढे राहिले. मामा लग्नाला आले, मांडवाच्या कडेला उन्हात बसले, आणि पाणीसुद्धा नांदुऱ्याहून आलेल्या पाहुण्यांच्या तांब्यातून प्याले, आमच्या नाही. त्याला आता बारा-चौदा वर्षं झाली. त्या दिवसापासून मी कोणालाही सोडत नाही. पत्रिका असो, बारशाचा निरोप असो की मेल, ज्याचा संबंध आहे त्या प्रत्येकाला गेलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेल लिहिली. फार सभ्य लिहिली. ‘सूचनेप्रमाणे सगळीकडे ‘ऑडिट झालेले’ असं करत आहे. त्यामुळे शेवटच्या पत्रातली ‘मर्यादित हमी’ही त्याच शब्दात बदलून एकसारखी करावी का, एवढं कृपया कळवावं.’ आणि सगळ्यांना उत्तर द्यायचं बटण दाबलं. त्या सगळ्यांत मॅडम होत्या, पुण्याची मुलगी होती, जपानच्या बाई होत्या. आणि तपासणी संस्थेचे एक साहेबही होते, कारण आपलं सही केलेलं पत्र त्यांनी याच मेलच्या साखळीत पाठवलं होतं. हे मी मुद्दाम केलं की सवयीनं, मलाही धड सांगता येत नाही. मुद्दाम करण्याइतकी हिंमत माझ्यात नाही. आणि सवय एवढी भोळी नसते.

साहेबांचं उत्तर चहा निवायच्या आत आलं. आमच्या पत्रातला एकही शब्द बदलता येणार नाही. आम्ही ऑडिट केलेलं नाही. नमूद केलेल्या आकड्यांवर मर्यादित हमी दिली आहे. अध्यक्षांच्या पत्रातलं ते वाक्य इंग्रजीतही दुरुस्त करावं, नाहीतर आमचं पत्र या अहवालात छापू नये.

त्या पत्राशिवाय गिऱ्हाईक अहवाल घेणार नव्हता. वाक्य बदललं. आकांक्षा आकांक्षाच राहिली, लक्ष्य एक उरलं, ‘दर टनामागे’ हे शब्द त्याच्या शेजारी प्रत्येक ठिकाणी आले. बाईंनी सही केली आणि या वेळी एकदाही माफी मागितली नाही. हा मी सत्कार समजलो.

मॅडमचा फोन आला. “तुम्हाला कोणी सांगितलं होतं त्यांना मेल टाकायला?”

“राहून जाऊ नयेत म्हणून,” मी म्हणालो.

महिन्याभरानं पुण्याच्या मुलीनं गोड आवाजात कळवलं, की तीन वर्षांचा करार झाला. काम दुसऱ्या भाषांतरकाराकडे जाईल, मॅडमची तशी अट आहे. “पण सर, तुमची शब्दसूची त्यांना फार आवडली. तीच वापरणार आहेत. कन्सिस्टन्सीसाठी.”

म्हणजे पुढची तीन वर्षं माझे शब्द जपानला जातील, फक्त मी घरी राहीन. बायकोला सांगितलं तेव्हा ती बाजाराचे क्रेट बांधत होती. मी जरा शहीद झाल्याच्या आवाजात सांगितलं, की खरं तेच छापलं गेलं, किंमत मी दिली. तिनं दोरीची गाठ आवळली, मग माझ्याकडं पाहिलं.

“माह्या मामाले पत्रिकेत विसरले तुम्ही,” ती म्हणाली, “अन् तीन वर्षाचं काम घालवाले त्या परक्या माणसाले बरं ध्यानात ठेवून बलावलं.”