चार मिलिमीटर कमी

माझे सासरे, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे अण्णा, रोज सकाळी बसवनगुडीच्या आमच्या गच्चीवर गलोल मारतात. पक्ष्यांवर नाही हो, तसलं काही मनात आणू नका. दहा मीटरवर एक खोकं, त्यात जुनी चादर लोंबकळत सोडलेली, म्हणजे पोलादी गोळी अडते, आणि चादरीपुढे दोरीला डब्याचं झाकण. झाकण वाजलं की खाली सासूबाई कॉफी गाळायला घेतात.

मी बेळगावची, नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत. लग्नानंतर मी हौसेनं ऑनलाइन अॅल्युमिनियमची चकचकीत बेचकी मागवली. अण्णांची पेरूच्या फांदीची, तळहाताच्या घामानं काळी पडलेली. माझी बघून त्यांनी नुसतं नाक मुरडलं. वाईट नव्हती, पण माझ्या गोळ्या झाकण सोडून सगळीकडे जायच्या. एक तर बेचकीवरच आपटून परत आली. डोळ्यांवर गॉगल होता म्हणून आज हे लिहितेय.

मग अण्णांनी शिकवलं. पट्ट्यांच्या टोकाला चामड्याचा तुकडा असतो, त्यात गोळी बसवायची आणि चामड्यावरूनच अंगठा नि तर्जनीत धरायची. चामडं पिळायचं नाही, पिळलं की गोळी तिरकी निघते. ताणलेला हात दर वेळी ओठाच्या कोपऱ्याशी, त्याच जागी. आणि सोडताना हात झटकायचा नाही, बोटं नुसती सैल करायची, चामडं आपसूक निसटतं. मी महिनाभर झटकतच होते. माझ्या अंगात सबुरी नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

रबराच्या पट्ट्या मात्र मी कापायची. पूर्वी अण्णा सायकलची ट्यूब वापरायचे. आता लेटेक्सचा पातळ रबर आणतो. कात्रीनं कडेला बारीक खाच पडते आणि पट्टी तिथूनच तुटते, म्हणून शिंप्याचं फिरतं पातं घेऊन, मोजपट्टी धरून एका दमात कापायचं. बेचकीकडे रुंद, चामड्याकडे अरुंद.

यंदा अण्णांचा खांदा धरला. सासूबाई मला हळूच म्हणाल्या की ते चोरून तेल लावतात, काहीतरी कर. सांगून ऐकणारा माणूस नव्हे. मग मी शहाणपणा केला. नव्या पट्ट्या दोन्ही टोकांना चार-चार मिलिमीटर अरुंद कापल्या, त्यांच्या बेचकीला बांधल्या आणि गप्प बसले.

पहिल्याच दिवशी अण्णा खूश. खांदा सुटला म्हणाले, तेलाला यश आलं. मला काय आनंद झाला! पण झाकण वाजेना. प्रत्येक गोळी झाकणाच्या चार बोटं खाली. पट्टी हलकी, गोळी तीच जड, मग ती हळू जाणार आणि खाली पडणार, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पट्ट्या कापताना मी ऑफिसच्या कॉलवर होते, एवढंच कारण.

अण्णांनी नेम वर धरला नाही. चाळीस वर्षं झाकणाच्या मध्यावर धरला, तिथेच धरणार. ते चष्मा पुसायचे, बोटं बघायचे. मग गच्चीवर जाणंच बंद झालं. आठव्या दिवशी त्यांनी पेरूची बेचकी तेल लावून, फडक्यात गुंडाळून माझ्यासमोर ठेवली. "तुझ्याकडे असू दे. माझा हात गेला."

मी तिथेच उभी राहून सगळं सांगून टाकलं, मिलिमीटरसकट. सासूबाईंचं नाव घेतलं नाही.

अण्णांनी फडकं सोडून पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "खांदा दुखला तर दुखतो गं, तो माझा आहे. पण आठ दिवस मला वाटत होतं, आपण संपलो."

मला रडू आलं, आणि मी रडले. किती लाज वाटली म्हणून सांगू!

ते उठले आणि माझ्या डबीतल्या लहान गोळ्या मागितल्या. त्यांच्या साडेनऊ मिलिमीटरच्या, माझ्या आठच्या. हलक्या पट्टीला हलकी गोळी, एवढं त्यांना लगेच कळलं. गच्चीवर गेलो. पहिली थोडी वर गेली. दुसरीला ओठाचा कोपरा, बोटं सैल, आणि झाकण वाजलं. खाली भांड्याचा आवाज झाला. सासूबाई कॉफीला लागल्या होत्या.

अण्णांनी गलोल खाली घेतली, खांदा एकदा फिरवून पाहिला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या वेळी अजून दोन मिलिमीटर कमी कर. पण मला सांगून."