आमझरीचं गेट आणि कमलअक्काचा आंबा

लताबाई आता हसत हसत सगळ्यांना सांगतात, की सासूला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, काय गरीब गाय बाई आहे ही! मुलगी बघायला आलेल्या कमलअक्का डोक्यावरचा पदर सारखा करत कोपऱ्यात बसल्या होत्या. एक शब्द नाही, एक प्रश्न नाही. लताबाईंच्या आईनं त्याच रात्री मांडे करता करता म्हटलं होतं, "पोरी, नशीब काढलंस. सासूला तोंडच नाही."

तोंड होतं हो. त्या दिवशी तोंडात मशेरी होती, म्हणून बंद होतं, एवढंच. लग्न लागलं, चूळ भरली गेली, आणि मग सावद्याच्या त्या गल्लीला कळलं की तोंड काय असतं.

तर अशा या कमलअक्का. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, पण वाद घालायला बसल्या की गुडघ्यांचीही आठवण राहत नसे. नवरा जीवरामनाना. केळीच्या बागा, गळ्यात उपरणं, आणि बायकोशी एक जुनाच वाद. लग्नात वऱ्हाड अक्कांच्या गावाला पोचलं तेव्हा नवरदेवाला ज्या झाडाखाली बसवलं, ते झाड चिंचेचं होतं असं नाना म्हणायचे. अक्का म्हणायच्या, आंब्याचं. आंबा त्यांच्या आईनं लावलेला, विहिरीच्या काठाला. या वादावर घरात किती पोळ्या करपल्या असतील, त्याचा हिशेब नको.

बरं, जाऊन बघावं तर गाव कुठं होतं! अक्कांचे वडील लाकडाच्या ठेकेदाराकडे देखरेखीला, म्हणून माहेर पार सातपुड्यात. पुढे तिथं अभयारण्य झालं, गाव उठवून खाली वसवलं, आणि जुनं गावठाण जंगलाच्या पोटात गेलं. पर्यटकांची गाडी तिथून फिरून येते, असं अक्कांना ऐकून माहीत होतं. जाऊ, जाऊ म्हणता म्हणता वर्षं गेली.

मग त्र्याण्णवच्या जूनमध्ये लताबाईंनीच पेपरात वाचून दाखवलं. पावसाळ्यासाठी अभयारण्य बंद होतंय, उद्याची दुपार शेवटची. आणि पावसाळ्यानंतर उघडेल तेव्हा पूर्वेकडचा झोन पर्यटकांना कायमचा बंद. जनावरांसाठी राखीव.

"पूर्वेकडचा म्हणजे?" अक्कांनी विचारलं.

"तुमचं गावठाण ज्यात आहे तोच, आई."

अक्का गप्प झाल्या. तोंडात मशेरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून जीप निघाली. चालवायला पुतण्या भाईदास. त्याचे केळीचे ट्रक याच घाटातून वर जायचे, त्यामुळे रस्ता त्याला तळहातासारखा पाठ, असं तो स्वतःच सांगायचा. त्याच्या शेजारी नाना. मागे लताबाई, अक्का, आणि दोघींच्या मध्ये केळीचा एक अख्खा घड. सावद्याची माणसं रिकाम्या हातानं कुठं जातात का?

भाईदासनं घाट चढून जीप थेट एका बांबूच्या दांडीपुढे उभी केली. "घ्या काकू. आलं गेट. रोजचं हाये आपलं."

आतून खाकीतला माणूस डोळे चोळत आला. "ट्रक कुठाय?"

"ट्रक नाही, वाघ पाहायला आलो."

तो माणूस हसत सुटला. "भाऊ, हा लाकडाचा नाका. तुझ्या ट्रकात केळीखाली सागवान दडवलंय का ते पाहतो आम्ही इथं. वाघाचं गेट वेगळं. मागं फिर, डांबरी रस्त्यानं जा."

"वा रे रोजचं गेट!" अक्का म्हणाल्या. "रोज झडती देतोस, त्याला गेट म्हणतोस?"

भाईदास कानापर्यंत लाल झाला. जीप वळवली, पण तेवढ्यात जी वेळ गेली ती गेली. दुपारच्या फेरीला साडेचारनंतर गाडी आत सोडत नाहीत, हे लताबाईंनी विचारून ठेवलं होतं. त्या सारख्या घड्याळ बघत होत्या, आणि अक्का घड्याळ बघणाऱ्या लताबाईंना बघत होत्या.

मोठं गेट आलं. काय तो थाट! वाघाचं चित्र, चहाचं कँटीन, गाड्यांची रांग, पोरांचा कालवा. नाना खूश. "हे बघ, याला म्हणतात गेट."

खिडकीतल्या बाबूंनी नीट ऐकून घेतलं. "जुनं गावठाण? आजी, ते पूर्व झोनला. इथून पास मिळतो तो फक्त पश्चिमेचा. मध्ये नदी आहे, पलीकडं पर्यटकांची गाडी जाऊ देत नाहीत. ज्या गेटनं आत जाल, त्याच गेटनं बाहेर यायचं."

"मग पूर्वेला कुठून?"

"आमझरीचं गेट. डोंगराला वळसा घालून जावं लागेल. लहान गेट आहे, मोजक्याच गाड्या सोडतात, जागा असेल की नाही सांगता येणार नाही. इथं मात्र एका गाडीची जागा आहे. सांगा, पास फाडू?"

नानांनी पाकीट काढलंच. "फाडा. अगं, जंगल ते जंगलच. एकदा आत गेलं की वाट निघते."

"वाट निघते म्हणे! केळीची बाग हाये का?"

"आणि आमझरीला जाऊन जागाच नसली, तर?" नाना म्हणाले. " ना इकडचं, ना तिकडचं."

ही गोष्ट मात्र खरी होती. लताबाईंनी परत घड्याळ बघितलं. तेवढ्यात कँटीनपाशी उभा असलेला एक गॉगलवाला पुढे सरकला. "माताजी, कशाला वळसा? इथून पास घ्या, गाडीत मला बसवा. गावठाण, विहीर, बठ्ठं सगळं दाखवतो. आतल्या आत रस्ता हाये."

नाना म्हणाले, "बघ! मी काय म्हणत होतो?"

भाईदासनं तर त्याच्यासाठी दारही उघडलं. अक्कांनी पदर सारखा केला आणि अगदी गरीब गाईसारख्या आवाजात विचारलं, "दादा, नदी लागते का रे मध्ये? मले पाण्याचं भेव वाटते."

"छे छे माताजी! नदीचं नावच नाही. सुका, सपाट रस्ता."

"लाव रे भाईदास, दार लाव," अक्का कडाडल्या. "माझ्या वऱ्हाडाच्या गाड्या याच अंगानं आल्या. नदीत चाकं रुतली, तेव्हा याच नवरदेवाले खांद्यावर बसवून उतरवलं होतं. हा मेला नदी न ओलांडता कोणचं गाव दाखवणार मले? आमझरी!"

खांद्यावरची ती गोष्ट नाना कधी कुणाला सांगत नसत. पाकीट गुपचूप खिशात गेलं.

हातातली जागा सोडून ते निघाले. आरशात लताबाईंना दिसलं, मागच्या गाडीनं तो पास लगेच घेतला. आता मागे परतायची सोयच नव्हती.

वळशाचा रस्ता म्हणजे काय सांगावं! खड्ड्यात रस्ता की रस्त्यात खड्डा, कळेना. त्यात एका वस्तीपाशी गुरांचा कळप आडवा. भाईदास हॉर्नवर हॉर्न. गुरं ढिम्म. नाना पुटपुटले, "तिकडं एव्हाना आत असतो." अक्कांनी केळीचा घड घट्ट धरला होता, जणू तोच जीप ओढणार होता. लताबाई खाली उतरल्या, पदर खोचून "हैक हैक" करत म्हशी हाकलल्या, आणि चिखलाच्या पायांनी परत चढल्या.

आमझरीचं गेट म्हणजे एक खोपटं आणि एक साखळी. पहारेकरी साखळीला कुलूप घालायला वाकलाच होता.

"थांब रे बापा!" जीप थांबायच्या आधी अक्का उतरू लागल्या.

"वेळ होत आली, आजी."

"होत आली ना? झाली तर नाही?"

पहारेकऱ्यानं घड्याळ बघितलं. "झाली नाही अजून. एका गाडीची जागाही आहे. पण वाटाड्याशिवाय सोडता येत नाही. आणि हे काय? केळी? खायचं काही आत न्यायचं नाही. वानरं गाड्यांवर उड्या मारतात."

भाईदास उसळला. "घरची केळी हायेत! सीटखाली झाकून..."

"झाकून कायले?" अक्का म्हणाल्या. "बसलास परत तुझ्या नाक्यावर? दे इकडं." आणि तो अख्खा घड पहारेकऱ्याच्या हातात. "ठेव रे बाबा. तू खा, पोरांना दे. पण तुझा वाटाड्या बोलाव आधी."

वाटाड्या चिंधा खोपटामागे विडी ओढत होता. उठवलेल्या गावातल्या माणसांनाच या गेटवर वाटाडे म्हणून घेतलं होतं. पास झाला, साखळी खाली पडली. चिंधानं आत शिरतानाच बजावलं, "हॉर्न नाही. खाली उतरायचं नाही. सूर्य बुडायच्या आत बाहेर. जनावर आडवं आलं आणि हललं नाही, तर मागं फिरायचं."

आणि जनावर आडवं आलंच. गावठाण पुढच्या वळणावर, आणि वळणावर रानगवा. काळाभोर, पाय पांढरे, जसे मोजे घातलेले. भाईदासनं इंजिन बंद केलं. गवा बघतोय, हे बघतायत. झाडांच्या शेंड्यांवरचं ऊन पिवळं व्हायला लागलं. चिंधा हळूच म्हणाला, "आजी, फार वेळ नाही थांबता येणार."

अक्कांनी हात जोडले. कुणाला, गव्याला की जंगलाला, कोण जाणे. जन्मात पहिल्यांदा त्या वाद न घालता थांबल्या होत्या. लताबाईंनी त्यांचा हात धरला.

गव्यानं नाकातून फूत्कार सोडला, मान हलवली, आणि सावकाश, कुणावर उपकार केल्यासारखा बांबूत शिरला.

वळण सरलं. विहिरीचा काठ खचलेला, घरांची नुसती जोती उरलेली, त्यांवर गवत. आणि काठाला एक झाड, एवढं मोठं की त्याच्या सावलीत अख्खं वऱ्हाड मावेल. वर वानरांची टोळी. अक्का बघत राहिल्या. डोळ्यांना पदर लावला, काढला, परत लावला.

"आईनं पाणी शेंदून घातलं वं याले," एवढंच म्हणाल्या.

थोड्या वेळानं नाना खाकरले. "तसं... इथं दुसरी एक चिंच असेल. वाळून गेली असेल."

चिंधा बोलायला तोंड उघडणार, तर अक्कांनी हातानं थांबवलं. वरून एका वानरानं अर्धी खाल्लेली कैरी टाकली, ती जीपच्या बॉनेटवर आपटून उघड्या खिडकीतून थेट नानांच्या मांडीत.

"चिंचेले कैऱ्या कधीपासून लागायल्या हो?"

नानांनी कैरी उलटी केली, सुलटी केली, हुंगली. भाईदास तोंड फिरवून खुसखुसायला लागला.

"बरं," नाना म्हणाले. "आंबा."

"नीट ऐकू नाही आलं."

"आंबा गं बाई, आंबा!"

"आता कसं," अक्का म्हणाल्या. "चल रे भाईदास, सूर्य बुडायच्या आत बाहेर पडायचं आहे."