टाकीची त्रिज्या

मी गणिताचा मास्तर. मी फळ्यावर वर्तुळ काढलं की पौर्णिमेचा चंद्र लाजून ढगाआड जातो, अशी माझी ख्याती होती. ती मीच पसरवली होती, हा भाग वेगळा.

वादळात दिवेआगरची निम्मी सुपारी झोपली, त्यानंतरची ही गोष्ट. कुवेतला असणाऱ्या एका चाचांच्या वाडीत दोन रस्ते आणि एक पांदीची पायवाट यांच्या बेचक्यात त्रिकोणी तुकडा मोकळा झाला. नव्या रोपांना पाणी हवं होतं. खोल खणलं की खारं पाणी लागतं, म्हणून टाकी उथळ पण रुंद हवी, गोल हवी, आणि तिची बाहेरची कड तिन्ही कुंपणांना टेकायला हवी. काम आमच्या गवंड्याकडे आलं. हा माझा लहानपणापासूनचा मित्र. शाळा चौथीत सोडलेली, पण हातात दोरी आली की माणूस बदलायचा.

त्याने मला विचारलं, "मास्तर, तेरा, चौदा, पंधरा मीटरच्या बाजू हायेत. आत सर्वांत मोठं वर्तुळ केवढं बसंल?"

चहाचा घोट गिळायच्या आत मी उत्तर दिलं. "क्षेत्रफळ चौऱ्याऐंशी, परिमिती बेचाळीस. भागलं की त्रिज्या दोन. घे लिहून!" टपरीवरच्या चार माणसांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी मी पेपर तपासायला मुंबईला गेलो.

तिथे त्याचा फोन आला. त्याने एका कोपऱ्यापासून दोन्ही कुंपणांवर सारखंच अंतर मोजलं होतं, त्या दोन खुणांच्या मधोमध खूण केली होती, कोपऱ्यापासून तिच्यातून दोरी ताणली होती. दुसऱ्या कोपऱ्यातूनही तसंच. दोऱ्या जिथे एकमेकींना कापतात तिथे खुंटी ठोकली.

"मास्तर, खुंटीपासून तिन्ही कुंपणं सारखीच दूर हायेत. काटकोनात मोजलं तर चार मीटर भरतंय. दोन न्हाय."

"दोरी ओली असेल रे! ताणली गेली असेल."

"दुप्पट ताणली?"

"गणित दोरीने करतात का? मी सांगतो ते कर."

मास्तर म्हणतात म्हणजे कुंपणापाशी जागा सोडायची असेल, असं समजून त्याने दोनचीच टाकी बांधली. चिरा न् चिरा ओळंब्यात, गिलावा आरशासारखा.

मेअखेर चाचा सुट्टीवर आले. मीही परतलो होतो. टाकीभोवती चहूकडे मोकळी माती. चाचा ओरडले, "मियाँ, ही टाकी बांधलीस की हंडा? रोपं जळून गेली माझी!"

ते ओरडत असताना मी त्या मोकळ्या मातीकडे बघत होतो. मधल्या खुंटीच्या जागेपासून तीन कोपऱ्यांना मनातल्या मनात रेघा गेल्या. त्रिकोणाचे तीन त्रिकोण झाले. प्रत्येकाचा पाया कुंपणाची एक बाजू, उंची प्रत्येकाची तीच त्रिज्या. प्रत्येकाच्या क्षेत्रफळात एक निम्मं येतं. म्हणजे चौऱ्याऐंशीला भागायचं होतं अर्ध्या परिमितीने, एकवीसने. उत्तर चार. सतरा वर्षं मी हेच शिकवत आलो होतो. त्रिज्या निम्मी झाली होती, आणि भिंतीची जाडी वजा जाता पाणी चौथाईहूनही कमी.

"मास्तर, तुम्ही किती सांगितलं होतं याला?" चाचांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "चार."

गवंड्याने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग चाचांना म्हणाला, "व्हय चाचा. मापात माझीच चूक झाली."

त्या वर्षी मी ती गोष्ट टपरीवर चाळीस वेळा सांगितली, दरवेळी टाकी आणखी लहान करून. शेवटी शेवटी तिच्यात एक बदकही मावेना. लोक पोट धरून हसायचे. आणि त्याला गावात कुणी विहिरीचा कठडासुद्धा बांधायला दिला नाही. तो अलिबागकडे एका ठेकेदाराकडे लागला.

दोन वर्षांनी चाचा पुन्हा आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते त्या टाकीच्या कडेशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "त्यालाच बोलवा. चारची त्याच्याच हातून बांधून घेऊ."

मी अलिबागला गेलो. तो सिमेंट कालवत होता, दुसऱ्याच्या हाताखाली. मी टपरीवरचा सगळा आवाज खाली ठेवून बोललो. चाचांना मी सगळं सांगितलंय, चूक माझी होती, तुझी दोरी खरी होती, चल.

त्याने फावडं टेकवलं. "चाचांना सलाम सांगा. पण मला न्हाय जमायचं, मास्तर."

"अरे, तुझं माप बरोबरच होतं!"

"तुमचं गणितबी चार आलं तेव्हाच बरोबर झालं ना ते?" तो म्हणाला. "आता दोरी ताणली की वाटतं, खोटी बोलतेय. इथं इंजिनियर आकडा लिहून देतो. तेवढं करतो."

मग त्याने मला बसायला सिमेंटची रिकामी गोण पसरून दिली आणि पुन्हा कालवायला लागला.