आवडाबाईची पोटगी

नागावच्या कोळीवाड्यात भावाच्या घरी राहायला येऊन आवडाबाईला दोन वर्षं झाली होती, पण तिनं चूल वेगळी मांडली नव्हती. वेगळी चूल मांडली म्हणजे इथंच राहायचं ठरलं, असं तिला वाटे. तिचा नवरा हरेश्वर रेवसचा. त्याचा मचवा नारळ-सुपारी भरून मुंबईला जायचा. लग्नानंतरची आठ वर्षं तो परत आला की आधी अंगणातून हाक मारायचा, मग पायातली वाळू झटकायचा. तो झटकण्याचा आवाज तिला अजून ऐकू येई. कुणीही दारात पाय झटकले की तिच्या हातातला मासा तसाच राहायचा.

हरेश्वरनं गोदू नावाची दुसरी बाई घरात आणली, तेव्हा आवडाबाईनं महिनाभर सोसलं. मग एके दिवशी भांडणात त्यानं वल्ह्याचा दांडा उगारला आणि तिचं मनगट मोडलं. त्याच संध्याकाळी तिचं गाठोडं आणि दोन मुलं, जनी आणि चंदर, त्यानं दाराबाहेर काढली. शेजारच्या चंद्राबाईनं हे सगळं उभ्यानं पाहिलं. अलिबागच्या दवाखान्यात हाताला फळ्या बांधून आवडाबाई भावाकडे आली ती आलीच.

तो न्यायला येईल म्हणून तिनं दोन पावसाळे काढले. तो आला नाही. तिसऱ्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे एकतीस साली, जनीला टायफॉइड झाला. भाऊ बुधाजी यानं जाळं गहाण टाकून औषध आणलं आणि मग तो बहिणीला सरळ म्हणाला, "आवडा, तुझी वाट बघायची ती बघ. पन पोरांनी काय म्हनून बघायची? त्यांचा बाप कमावता हाय."

बुधाजी तिला अलिबागला प्रधान वकिलांकडे घेऊन गेला. ती रडायची तयारी करूनच गेली होती, पण वकिलांनी रडायला वेळच दिला नाही.

"लग्न कुणी पाहिलं?"

"सगळ्या गावानं."

"गाव कोर्टात येत नाही. एक नाव सांग."

लग्नात धवळे गाणारी सोनूबाई धवलारीण हयात होती. तिचं नाव लिहिलं गेलं. मुलांचा जन्म पाटलाच्या बुकात नोंदलेला होता, त्याचा उतारा काढायचं ठरलं. हात मोडल्याचा दवाखान्यातला कागद बुधाजीनं जपून ठेवला होता. तो पाहून वकील पहिल्यांदा खूश झाले. "यावर तारीख आहे," ते म्हणाले. "तू घर का सोडलंस, हे तुझ्या तोंडापेक्षा हा कागद जास्त सांगेल. नवऱ्याकडे राहायला कारण नसताना नकार दिला, तर बायकोला पोटगी मिळत नाही. मुलांचं मात्र तसं नाही. त्यांचा हक्क तुझ्या येण्या-न येण्यावर नाही."

मग त्यांनी विचारलं, "तो कमावतो किती?"

"ते मला काय ठाव? कनवटीतून काढून द्यायचा."

"आणि तू?"

आवडाबाईनं भावाकडे पाहिलं. सुकट विकून तिला महिन्याला तीनेक रुपये सुटत. बुधाजी डोळ्यांनी खुणावत होता. वकिलांनी ते पाहिलं. "लपवू नका," ते म्हणाले. "विरुद्ध बाजूनं काढलं तर बाकीचं खरंही खोटं ठरेल."

अलिबागच्या मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज गेला, हरेश्वरला समन्स निघालं. तारखेच्या दिवशी आवडाबाईनं जुनं हिरवं लुगडं नेसलं. बुधाजीनं ते पाहिलं आणि तो पुढे चालू लागला.

हरेश्वर कोर्टात आला तो वाळला होता. त्याच्या कानावरचे केस पिकलेले तिला आधी दिसले. शपथेवर त्यानं सांगितलं, "साहेब, मी दुसऱ्याच्या मचव्यावर खलाशी. महिन्याला अकरा रुपये. म्हातारी आई हाय. कुठून देऊ?"

प्रधान वकिलांनी बंदरावरच्या कारकुनाला रजिस्टर घेऊन बोलावलं होतं. त्यात मचव्याचा मालक आणि तो चालवणारा तांडेल म्हणून हरेश्वरचंच नाव होतं, सालोसाल. नारळाच्या व्यापाऱ्याचा मुनीम काळूराम यानं वहीतून भाडं वाचून दाखवलं. खलाशांचे वाटे आणि डागडुजी वजा जाता हरेश्वरच्या हाती खेपेला सहा रुपये राहत आणि महिन्याला सहा खेपा होत.

"पन पावसाळ्यात मचवा किनाऱ्यावर चढवून ठेवतात, साहेब," हरेश्वर म्हणाला. "चार महिने काय बी नाय."

"ते खरं आहे," मॅजिस्ट्रेट म्हणाले आणि त्यांनी आठ महिन्यांची कमाई बारा महिन्यांवर वाटली. महिन्याला चोवीस रुपये पडले.

तेव्हा हरेश्वर एकदम म्हणाला, "मंग तिला घरी येऊ दे. मी सांभाळतो. पोरांना बी."

दोन वर्षं तिनं हेच वाक्य ऐकायची वाट पाहिली होती, फक्त ते दारात ऐकायचं होतं. प्रधान वकील तिच्याकडे रोखून पाहू लागले. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "बाई, नवरा नांदवायला तयार आहे. जाणार?"

तिनं साहेबांकडे न पाहता हरेश्वरला विचारलं, "गोदू?"

"ती हायच की."

"आनि परत हात उगारशील?"

हरेश्वर खाली बघत राहिला. नाही म्हणायला एवढंसं तोंड उघडायचं होतं. तिनं वाट पाहिली. कारकुनाचा टाकही थांबला होता.

"साहेब," ती म्हणाली, "मला जावंसं वाटतं. रोज वाटतं. खोटं कशाला बोलू? पन मी जायची न्हाय. मनगट पुन्हा मोडलं तर पोरांना भाकर कोन थापील?"

वकिलांनी कपाळाला हात लावला. पण मॅजिस्ट्रेटनी ते सगळं लिहून घेतलं. चंद्राबाईची साक्ष झाली, दवाखान्याचा कागद वाचला गेला. महिनाभरानं हुकूम झाला. बाई राहायला नाकारते, त्याला पुरेसं कारण आहे. नवऱ्याची मिळकत, त्याची आई, बाईची स्वतःची सुकटीची कमाई, मुलांची वयं हे धरून तिला पाच रुपये आणि मुलांना प्रत्येकी अडीच, असे महिन्याला दहा. अर्ज दिल्या तारखेपासून.

बुधाजीला आनंद झाला. आवडाबाई घरी आली आणि त्या दिवशी तिनं वेगळी चूल मांडली.

पहिले तीन महिने हरेश्वरनं काहीच भरलं नाही. पुन्हा अर्ज करावा लागला, वॉरंट निघालं. शिपाई रेवसला मचवा जप्त करायला गेला तेव्हा त्यानं सगळी बाकी भरली. त्यानंतर पैसे कोर्टात येऊ लागले, बहुतेकदा एखाद्या खलाशाच्या हातून. आवडाबाई दर महिन्याला नागावहून चालत यायची आणि अंगठा उठवून ते घ्यायची. कोर्टाच्या दारातून आत शिरताना ती आधी ओटीवर कोण बसलंय ते पाही. हे तिनं कुणालाही सांगितलं नाही.

पुढच्या श्रावणात ओटीवर तो स्वतः बसला होता. मचवा बंद, खलाशी आपापल्या घरी. त्यानं पैसे भरले होते आणि तो थांबला होता.

"जनी कशी हाय?"

"बरी हाय. दुसरीत गेली."

"वाचते?"

"पाटीवर तुझं नाव लिहिते. हरेश्वर मोठं हाय, पाटी पुरत न्हाय तिला."

तो हसला. ती त्याच्या शेजारी बसली नाही, पण खांबाला टेकून उभी राहिली. त्यानं बिडी पेटवली आणि शेवटपर्यंत ओढली. त्याचा खांदा हातभर अंतरावर होता. त्याला खाऱ्या पाण्याचा आणि डांबराचा तोच वास होता.

"दिवाळीत येऊ? पोरांना बघायला?"

"ये. पोरं तुझीच हायत."

"आनि तू?"

आवडाबाईनं पैशाची पुरचुंडी कनवटीला लावली. "मी घरातच असेन," ती म्हणाली आणि पावसाची सर येण्याआधी नागावच्या वाटेला लागली. वळणापर्यंत ती भराभर चालली. वळणावरून मागे पाहिलं, तेव्हा ओटीवर कोर्टाचा शिपाई तेवढा घोंगडी झटकत होता.

दिवाळीत हरेश्वर आला. अंगणात दोन तास बसला, मुलांना मुंबईचे फटाके दिले, जेवला आणि ओहोटी लागायच्या आत परत गेला. पुढची कितीतरी वर्षं तो असाच येत राहिला आणि पोटगीही येत राहिली. आवडाबाईनं त्याला राहा म्हटलं नाही. दिवाळी जवळ आली की मात्र ती अंगण दोनदा सारवायची.