पंच्याची गाठ

बेळगावात कॅम्पातल्या औषधाच्या दुकानात मी उमेदवारी करत होतो. दिवसभर उभ्यानं खलात औषधं घोटायची आणि बाटल्या विसळायच्या. खानापूरच्या पलीकडचं आमचं गाव सोडून बिऱ्हाड करण्याची ऐपत नव्हती, म्हणून रोज पहाटे खानापूर स्टेशनापर्यंत चालत जाऊन गाडी धरायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचं.

पहिल्याच आठवड्यात परतताना झोप लागली, खानापूर मागं पडलं आणि थेट लोंढ्याला पोचलो. दुसऱ्या दिवशी गाडीत, बेळगावात दही विकून परतणाऱ्या एका आक्काजवळ मी चिडून सगळं सांगून टाकलं. तिनं माझ्या पंच्याचं टोक आपल्या रिकाम्या वेताच्या बुट्टीच्या दोरीला बांधलं.

"झोप आता. मी उतरायला उठले की वढ बसंल."

तेव्हापासून रोज मी मेल्यासारखा झोपायचो आणि खानापूरला हिसका बसला की उठायचो. माझा थकवा पुष्कळ उतरला.

एका संध्याकाळी हिसका बसलाच नाही. गाडी थांबल्याच्या धक्क्यानं डोळे उघडले. खानापूर आलं होतं आणि आक्का बुट्टीवर डोकं टेकून गाढ झोपली होती. मी पंचा ओढला. ती दचकली.

"झोपलीस व्हय गं, आक्का?"

"माझा दिवस तुझ्या आधी उगवतोय रं," ती खाली उतरत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाठ मी बांधली. वाटेतल्या देसूर स्टेशनापर्यंत ती झोपली, पुढं मी.